बीट सगळ्यांनीच प्यायलं, मग लघवी माझीच गुलाबी का?

*डॉक्टर, माझं वय ३६. गेले तीन आठवडे सासूबाई रोज सकाळी आम्हा तिघांना बीटचा ताजा रस देतात. मला अलीकडे फार थकवा येतो, म्हणून रक्त वाढावं यासाठी त्यांनी हे सुरू केलं. पण दुपारपर्यंत माझी लघवी चक्क गुलाबी होते, कधी कधी लालसर. जळजळ नाही, दुखत नाही. त्याच भांड्यातला रस घेऊन नवऱ्याला आणि सासूबाईंना काहीच होत नाही. नवरा म्हणतो किडनी दाखवून घे. सासूबाई म्हणतात, रंग बाहेर पडतोय म्हणजे रस अंगी लागत नाही. हे अपायकारक आहे का? आणि मलाच का होतं?*
*— एक वाचक, सातारा*

ताई, बीटचा रंग लघवीत उतरणं अपायकारक नाही. त्याने मूत्रपिंडाला इजा होत नाही, रक्त कमी होत नाही आणि त्यासाठी कुठलंही औषध घ्यावं लागत नाही. वैद्यकात याला बीट्युरिया म्हणतात. नाव आजारासारखं असलं तरी तो आजार नाही. मात्र तो रंग खरोखर बीटचाच आहे याची एकदा खात्री करून घ्यायला हवी. ती कशी करायची ते पुढे सांगते. तुमच्या पत्रात मला रंगापेक्षा थकव्याची जास्त काळजी वाटली. तुम्ही ते जाता जाता लिहिलंय, पण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुधा तिथेच आहे.

आधी रंगाचं बघू. बीट चिरताना पोळपाट, सुरी, बोटं सगळं लालजांभळं होतं आणि नळाखाली धरलं की बरंचसं निघून जातं. हा रंग पाण्यात सहज विरघळतो. त्यातल्या मुख्य रंगद्रव्याचं नाव बीटानिन. जांभूळ किंवा कोकमाचा लाल-जांभळा रंग वेगळ्या कुळातला, हा वेगळ्या. बीटमधून काढलेला हाच रंग खाण्याचा रंग म्हणून आइस्क्रीममध्ये आणि गोड पदार्थांत वापरतात आणि पाकिटावर तो ई-१६२ या क्रमांकाने लिहिलेला असतो. म्हणजे ज्या द्रव्याची भीती वाटतेय, ते मुद्दाम अन्नात घालण्याइतकं निर्धोक मानलं गेलेलं आहे.

आता सासूबाईंच्या म्हणण्याबद्दल. निरोगी माणसांना अर्धा लिटर बीटचा रस पाजून त्यांच्या लघवीत किती रंगद्रव्य उतरतं हे मोजलं गेलंय. ते प्यायलेल्या रंगाच्या एक टक्क्याहूनही कमी भरलं. बाकीचा जवळजवळ सगळा रंग पोटात आणि आतड्यातच मोडतो. हा रंग इतका गडद असतो की त्याचा एवढासा अंशसुद्धा लघवी गुलाबी करायला पुरतो. शिवाय बाहेर पडतं ते फक्त रंगद्रव्य. रसातली साखर, क्षार, जीवनसत्त्वं यांचा त्याच्याशी संबंध नाही. त्यामुळे लघवी गुलाबी झाली म्हणून रस वाया गेला, असं होत नाही. सासूबाईंच्या अंगात तो मुरला आणि तुमच्या अंगातून निसटला, असंही नाही. त्यांच्या पोटात तो रंग पुरता मोडला, तुमच्या पोटात त्यातला थोडा मोडायचा राहिला, एवढाच फरक आहे.

तो थोडा भाग का राहिला, हे कळायला रंगाचा पोटातला प्रवास पाहावा लागतो. पहिलं ठिकाण म्हणजे जठर. तिथलं तीव्र आम्ल हा रंग फिका करतं. ज्याचं आम्ल कमी, किंवा ज्याच्या पोटातून रस झटकन पुढे सरकतो, त्याच्याकडे रंग जास्त टिकतो. रिकाम्या पोटी घेतलेला पातळ रस जठरात फार वेळ थांबत नाही. जेवणात कोशिंबीर म्हणून खाल्लेलं बीट मात्र पोळीभाजीबरोबर बराच वेळ तिथे घुसळलं जातं. एकाच माणसाला रसाने गुलाबी लघवी होते आणि कोशिंबिरीने होत नाही, याचं एक कारण हे असू शकतं. बीट उकडलं तरी रंग कमी होतो, कारण काही उष्णतेने मोडतो आणि काही पाण्यात जातो.

पुढे आतडं. तिथे अन्नातून आलेलं लोह असतं आणि त्याचं एक रूप हा रंग नासवतं. मोठ्या आतड्यातले जीवाणू उरलेला फिका करतात. याच्या उलट काम करतं ऑक्झॅलिक आम्ल. पालक, चाकवत, अळू आणि खुद्द बीटमध्येही ते भरपूर असतं. ते लोहाला बांधून ठेवतं आणि रंग वाचवतं. बीटच्या रसात पालकही घालत असाल, तर रंग टिकायला आणखी मदत होते. या सगळ्यातून तगून राहिलेला थोडा रंग आतड्यातून रक्तात जातो. रक्तात तो इतका विरळ असतो की रक्ताचा रंग बदलत नाही. मग मूत्रपिंडं त्याला पाण्याबरोबर गाळून बाहेर टाकतात. बहुतेकांच्या लघवीत तो दोन ते चार तासांनी सर्वात गडद दिसतो. सकाळी रस आणि दुपारपर्यंत रंग, हे तुमचं वेळापत्रक त्याच्याशी नेमकं जुळतं.

एकाच घरातल्या तिघांत फरक का, याचं उत्तर शास्त्रज्ञांनी आधी रक्ताच्या नात्यात शोधलं. १९५६ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात एक निबंध आला. बीटने लघवी रंगणं हा आईवडिलांकडून एकाच जनुकाच्या जोडीने येणारा गुण आहे, असं त्यात मांडलं होतं. म्हणजे माणसांचे दोनच गट, रंगणारे आणि न रंगणारे. हे सोपं आणि आकर्षक होतं, म्हणून बरीच वर्षं सांगितलं जात राहिलं. पण १९९३ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी लघवीतला रंग नुसत्या डोळ्यांनी न पाहता मोजला, तेव्हा असे दोन गट दिसलेच नाहीत. कोणाला अगदी थोडा, कोणाला मध्यम, कोणाला जास्त, अशी सलग रांगच मिळाली. डोळ्यांना दिसेल इतका रंग ज्यांच्या लघवीत उतरतो, त्यांना आपण 'होणारे' म्हणतो, इतकंच. सर्वसाधारण लोकांत असे शंभरात सुमारे १० ते १४ जण असतात. आज न होणाऱ्याला उद्या होऊ शकतं आणि आज होणाऱ्याचं थांबूही शकतं.

मधल्या काळात, १९६३ मध्ये, 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये एक निरीक्षण छापून आलं. माझ्या मते तुमच्यासाठी सर्वात मोलाची गोष्ट तीच आहे. ज्यांच्या शरीरात लोह कमी होतं, त्यांच्यात लघवी रंगण्याचं प्रमाण कितीतरी जास्त आढळलं. उपचार न झालेल्या, लोहाच्या कमतरतेने अ‍ॅनिमिया झालेल्या लोकांत ते शंभरात ६६ ते ८० जणांपर्यंत जातं, असं वैद्यकीय ग्रंथांत नोंदलेलं आहे. यामागची दोन कारणं सांगितली जातात. लोहाला भुकेलेलं आतडं लोह जास्त जोराने शोषतं आणि त्याबरोबर रंगही जास्त आत जातो, हे एक. रंग नासवणारं लोहच आतड्यात कमी असतं, हे दुसरं. ज्यांच्या जठरात आम्लच तयार होत नाही अशा एका प्रकारच्या अ‍ॅनिमियातही, ज्यात बी-१२ शोषलं जात नाही, लघवी रंगण्याचं प्रमाण वाढलेलं दिसतं. तिथे आम्लाचं कारण लागू पडतं.

आता तुमचं वाक्य पुन्हा वाचा: थकवा येतो, म्हणून रस सुरू केला. ३६ वर्षांची बाई, थकवा, आणि घरातल्या तिघांत रंग फक्त तिच्या लघवीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये अ‍ॅनिमिया आढळला. अशा देशात हे तीन धागे एकत्र आले की मी रक्त तपासल्याशिवाय बाईला घरी पाठवत नाही.

माझ्याकडे काही वर्षांपूर्वी एक शिक्षिका आल्या होत्या, वय ४१. औषधाच्या रिकाम्या बाटलीत लघवी घेऊन आल्या. टेबलावर ठेवली तेव्हा ती डाळिंबाच्या पातळ रसासारखी दिसत होती. दोन रात्री त्यांना झोप नव्हती. आदल्या दिवशी काय खाल्लं असं विचारल्यावर म्हणाल्या, बीटची कोशिंबीर, मोठी वाटीभर. मी लघवीत तपासणीची पट्टी बुडवली. या पट्टीवर रक्ताचा एक चौकोन असतो. लघवीत रक्त असेल तर तो पिवळ्याचा हिरवा होतो. त्यांचा मिनिटभर पाहिला, पिवळाच राहिला. मग ती लघवी नळीत भरून यंत्रात फिरवली. रक्तपेशी असत्या तर त्या जड असल्याने तळाशी लाल थर बसला असता आणि वरचं पाणी नितळलं असतं. इथे तळाशी काहीच लाल नव्हतं, वरचं पाणी मात्र तसंच गुलाबी. सूक्ष्मदर्शकाखाली एकही लाल पेशी दिसली नाही. म्हणजे रंग पाण्यातच विरघळलेला होता आणि तो बीटचा होता.

बाई सुटकेचा श्वास टाकून उठायला लागल्या, तेव्हा मी त्यांना बसवलं. पाळी किती दिवस? सात, कधी आठ. पहिले तीन दिवस दर दोन तासांनी पॅड बदलावं लागतं, गाठी जातात. जिना चढताना? दम लागतो, पण वय झालं म्हणून असेल. शेवटी थोडं अवघडून विचारलं, काही वेगळं खावंसं वाटतं का? त्या गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, पाटीवरची पेन्सिल. वर्गातून येताना दोन-चार पर्समध्ये टाकते. हे लाजायचं कारण नाही. पेन्सिल, खडू, माती, कच्चे तांदूळ खावेसे वाटणं हे लोह कमी झाल्याचं अगदी ओळखीचं लक्षण आहे. रक्ताचा रिपोर्ट आला: हिमोग्लोबिन ८.६, लाल पेशींचा आकार लहान, आणि लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन फक्त ५.

त्यांना लोहाची गोळी दिली, रोज एक, सकाळी रिकाम्या पोटी लिंबाच्या पाण्याबरोबर. चहा गोळीच्या आधी आणि नंतर किमान तासभर बंद, कारण चहातली तुरट द्रव्यं लोह धरून ठेवतात. रक्त कुठून जातंय हे शोधायला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं, तिथे गर्भाशयात फायब्रॉइडची गाठ निघाली आणि तिचे उपचार सुरू झाले. महिन्याने हिमोग्लोबिन १०.१ झालं, तीन महिन्यांनी १२.२. साठा भरायला गोळ्या त्यानंतरही तीन महिने चालू ठेवल्या. पेन्सिलची ओढ तर पहिल्या काही आठवड्यांतच गेली. सहा महिन्यांनी त्यांनी मला आवर्जून सांगितलं की आता तेवढीच कोशिंबीर खाल्ली तरी लघवी जेमतेम फिकी गुलाबी होते, कधी कधी नाहीच होत. मी त्यांना एवढंच म्हटलं की चांगलं आहे, पण याला तपासणी समजू नका. रंग बीट किती जून, किती शिजलेलं, बरोबर काय खाल्लं यावरही बदलतो. हिमोग्लोबिन उत्तम असलेल्यालाही लघवी रंगू शकते आणि अ‍ॅनिमिया असूनही एखादीची रंगत नाही. रंग दिसला की रक्त तपासायची आठवण व्हावी, इतकाच त्याचा उपयोग. निदान रक्ताच्या रिपोर्टवरूनच होतं.

सासूबाईंनी रस सुरू केला तो मायेने. पण बीटने रक्त वाढतं ही समजूत मी इतक्या घरांत पाहिली आहे आणि तिच्यामुळे इतक्या बायका महिनोन्‌महिने गोळ्यांविना राहिल्या आहेत, की स्पष्टच लिहिते. शंभर ग्रॅम बीटमध्ये लोह एक मिलिग्रॅमही नसतं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने प्रौढ स्त्रीसाठी दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह सुचवलं आहे. म्हणजे रोज एक बीट खाल्लं तरी गरजेचा तिसावा हिस्साही धड भरत नाही. त्यातलंही ऑक्झॅलिक आम्लामुळे पूर्ण शोषलं जात नाही. बीटचा लाल रंग रक्तासारखा दिसतो म्हणून हा समज रुजला असावा, पण रक्ताचा लाल रंग लोहाचा आणि बीटचा बीटानिनचा. बीटानिनमध्ये लोह नसतंच. बीट खा, चांगली भाजी आहे. पण ज्याचं हिमोग्लोबिन नऊ आहे त्याला बीटच्या रसाने बारा होणार नाही. आहारातून लोह हवं तर अळीव, हरभरा, राजगिरा, आणि खात असाल तर मांस-मासे, आणि बरोबर लिंबू किंवा आवळा. आणि कमतरता मोठी असेल तर आहार पुरत नाही, गोळी लागतेच.

आता रंग बीटचाच आहे याची खात्री. उद्यापासून तीन दिवस बीट पूर्ण बंद करा, रस, कोशिंबीर, पराठा सगळंच. बीटचा रंग बहुतेकांत एका दिवसात आणि जास्तीत जास्त दोन दिवसांत जातो. तिसऱ्या दिवशी सकाळची लघवी काचेच्या किंवा पारदर्शक प्लास्टिकच्या स्वच्छ भांड्यात घ्या आणि मागे पांढरा कागद धरून उजेडात बघा. कमोडमध्ये बघून ठरवू नका, तिथे रंग फसवतो. मग चौथ्या दिवशी दुपारच्या जेवणात एक मध्यम बीट खा आणि रात्रीपर्यंत दर वेळची लघवी तशीच बघा. बंद केल्यावर रंग गेला आणि खाल्ल्यावर पुन्हा आला, तर कारण सापडलं. ही पडताळणी पाळीच्या दिवसांत करू नका. पाळी संपून चार-पाच दिवस जाऊ द्या. आणि बीट खाल्ल्यानंतरच्या दोन दिवसांत शौचही लालसर किंवा गडद जांभळट दिसली तर तोही बीटचाच रंग समजा, कारण पोटात न मोडलेला रंग तिकडूनही जातो. बीट थांबवल्यावर तोही थांबायला हवा.

यासोबत लघवीची साधी तपासणी एकदा करून घ्या. नमुना देताना प्रयोगशाळेत सांगा की काल बीट खाल्लंय. रिपोर्टमध्ये दोन ओळी शोधा. रक्तासमोर 'नाही' असं हवं, आणि सूक्ष्मदर्शकाच्या भागात लाल पेशींसमोर 'नाहीत' किंवा फार तर एक-दोन. दोन्ही का पाहायच्या, तेही सांगते. क जीवनसत्त्वाच्या मोठ्या गोळ्या घेणाऱ्यांत पट्टीवरचा चौकोन खरं रक्त असूनही पिवळाच राहू शकतो. रस घेताना कोणी तशा गोळ्याही घेत असेल तर केवळ पट्टीवर विसंबू नये, सूक्ष्मदर्शकाने पाहिलेला आकडा महत्त्वाचा.

नवऱ्याने किडनी दाखवायला सांगितलं त्यात चूक काहीच नाही. लाल लघवी सहज सोडून द्यायची गोष्ट नाहीच. तीन दिवस बीट बंद ठेवूनही रंग राहिला तर लगेच दाखवा. आणि लघवी चहासारखी किंवा मांस धुतलेल्या पाण्यासारखी झाली, त्यात गाठी आल्या, कंबरेतून मांडीकडे कळ गेली, जळजळ किंवा ताप आला, चेहऱ्यावर-पायावर सूज आली, तर तीन दिवस थांबू नका, त्याच दिवशी दाखवा. एक गोष्ट मात्र तुमच्यापेक्षा तुमच्या घरातल्या मोठ्यांसाठी लिहिते. चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या माणसाच्या लघवीतून, विशेषतः विडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या, वेदना नसताना रक्त जाणं हे मूत्राशयाच्या कर्करोगाचं पहिलं लक्षण असू शकतं. ते एकदा येतं आणि आठवडे गायब राहतं. अशा माणसाने 'परवा बीट खाल्लं होतं' म्हणून स्वतःची समजूत घालणं धोक्याचं आहे. तिथे बीट खाल्लेलं असो वा नसो, लघवीची तपासणी आणि सोनोग्राफी झालीच पाहिजे.

लघवी रंगवणारं बीट एकटंच नाही. क्षयरोगाच्या उपचारातल्या रिफाम्पिसिनने लघवी नारंगी-लाल होते, आणि लघवीची जळजळ थांबवायच्या काही गोळ्यांनीही तसंच. औषध सुरू असेल तर डॉक्टरांना आधी तेच सांगा, पण औषध स्वतःहून थांबवू नका.

एका बाबतीत मात्र बीटचा रस खरोखर जपून घ्यावा, आणि ती गोष्ट रंगाची नाही. ज्यांना ऑक्झॅलेटचा मुतखडा झालेला आहे त्यांनी रोज ग्लासभर रस घेऊ नये. बीटमधलं ऑक्झॅलेट लघवीत जाऊन खडे बनायला मदत करतं. घरात कोणाला मुतखडा झाला असेल तर त्याला रसाऐवजी कधीमधी दह्यातली कोशिंबीर द्या. दह्यातलं कॅल्शियम ऑक्झॅलेटला आतड्यातच बांधतं आणि बरंचसं शौचावाटे जातं.

तुमच्या बाबतीत मी हेच करायला सांगेन. या आठवड्यात लघवीच्या तपासणीसोबत रक्ताचा हिमोग्राम आणि फेरिटिन करून घ्या. शाकाहारी असाल तर बी-१२ सुद्धा. रक्त सकाळी द्या. गोळ्या आधीच सुरू करू नका, म्हणजे साठा खरा दिसेल. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर अ‍ॅनिमिया आहे, आणि फेरिटिन १५ च्या आत असेल तर, हिमोग्लोबिन बरं असलं तरी, लोह कमी आहे. मग डॉक्टरांना पाळी किती दिवस चालते आणि किती पॅड लागतात हे आकड्यांत सांगा, 'जरा जास्त जातं' असं नको. ऋतू, उपवास, कामाचा ताण यावर थकवा ढकलू नका. गोळ्या सुरू झाल्या की शौच काळी होईल. तो लोहाचा रंग असतो, त्यानेही घाबरू नका. पण डांबरासारखी चिकट आणि दुर्गंधीयुक्त काळी शौच झाली तर ती रक्ताची असू शकते, तेव्हा लगेच दाखवा.

सासूबाईंना हे पत्र वाचून दाखवा. त्यांचंही हिमोग्लोबिन तुमच्यासोबतच तपासून घ्या, कारण लघवी रंगली नाही म्हणजे रक्त भरपूर आहे, असं नाही.